अनुक्रमणिकेतला शेवटचा रकाना

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाची फाईल माझ्याकडे आली तेव्हा सुनावणीला सतरा दिवस राहिले होते. नोटबंदीच्या दिवसांत त्यांनी बँकेत साडेनऊ लाख रुपये रोख भरले होते. आयकर अधिकाऱ्याने कलम 69अ लावून ती सगळी रक्कम बेहिशेबी धरली. पहिल्या अपिलातही तेच कायम झालं. अशा रकमेवर त्या वर्षी 60 टक्के कर, त्यावर अधिभार आणि उपकर धरून सव्वासत्याहत्तर टक्के जातात. म्हणजे व्याज सोडून सात लाख तेहेतीस हजारांच्या वर. आता उरलं होतं ट्रायब्युनलचं पुणे खंडपीठ. वस्तुस्थितीच्या प्रश्नावर ऐकून घेणारी ही शेवटची जागा, म्हणून तिथे जाणारं पेपर बुक मी दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही.

बाहेरच्यांना पेपर बुक म्हणजे झेरॉक्सचा गठ्ठा वाटतो. खालच्या अधिकाऱ्यांसमोर जे कागद होते आणि ज्यांचा आपण युक्तिवादात आधार घेणार आहोत, तेवढेच त्यात लावायचे. पानांवर सलग आकडे, प्रत्येक कागदावर ‘खरी प्रत’ म्हणून सही, आणि पुढे अनुक्रमणिका. त्या अनुक्रमणिकेत कागद काय आहे, कशासाठी लावला आहे, कोणत्या पानावर आहे आणि कोणत्या अधिकाऱ्यासमोर दाखल झाला होता, हे लिहावं लागतं. दोन प्रती ट्रायब्युनलला आणि एक प्रत सुनावणीच्या आठवडाभर आधी समोरच्या बाजूला, तिच्या पोचेसह. आधीच्या सल्लागाराने दोनशे दहा पानं एकावर एक ठेवून दिली होती. त्यात विजेची बिलं होती, मुलाच्या कॉलेजची फी होती, एकच बँक उतारा तीनदा होता. मला त्याचा राग आला आणि अजून आहे. ज्याला काय सिद्ध करायचं ते माहीत नसतं, तो सगळंच लावतो.

मी ती पानं अठ्ठेचाळीसवर आणली. सगळ्यात जास्त वेळ गेला अडतीस वजनपावत्यांवर. व्यापाऱ्याच्या कार्बन पावत्या, चार-पाच वर्षं कपाटात पडलेल्या. शाई इतकी उडाली होती की झेरॉक्सवर नुसती करडी पट्टी यायची. नियमात प्रत वाचता आली पाहिजे असं स्पष्ट आहे. म्हणून प्रत्येक पावतीशेजारी तारीख, घड, वजन, भाव आणि रक्कम टाईप करून लावली. आकडा लागत नव्हता तिथे रकाना रिकामा ठेवला, अंदाजाने भरला नाही. बेरीज 780 क्विंटल आणि नऊ लाख छत्तीस हजार रुपये आली. त्यांच्या पाच हजार खोडांच्या बागेतून साधारण चव्वेचाळीसशे घड निघाले होते, म्हणजे घडाला जेमतेम अठरा किलो. केळी ओळखणाऱ्या माणसाला हा आकडा खटकणार नाही, याचं मला बरं वाटलं. सप्टेंबरमध्ये बँकेतून काढलेले अडीच लाख आणि मजुरी-घरखर्च धरून तारीखवार रोख शिल्लक मांडली, तर भरणा तिच्यात बसत होता.

मग अधिकाऱ्याने नाकारलं कशावरून? त्याच्या आदेशात एक वाक्य होतं: 2016-17 च्या सातबाऱ्यावर या गटात हरभरा आहे, केळी नाही.

ते वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा शेतकरीदादा खुर्चीतून पुढे सरकले. “भाऊ, केळी काय तीन महिन्यांत येऊ राह्यली का? माझी मृगबाग होती. पंधराच्या जुलैत लावली, सोळाच्या ऑगस्टपासून कापली. बाग मोडल्यावर हरभरा टाकला.”

त्यांचं खरं होतं. मृगबागेला लावणीपासून कापणीपर्यंत वर्ष-सव्वा वर्ष जातं. त्यांच्या केळीची नोंद 2015-16 च्या पीकपेऱ्यात होती, नंतरच्या वर्षी तलाठ्याने फक्त हरभरा लिहिला होता. अधिकारी पीक ओळखत नव्हता, आणि त्याला ओळख करून देणाऱ्याने चुकीच्या वर्षाचा उतारा दिला होता.

2015-16 चा उतारा फाईलमध्ये होता. मी तो पान 12 वर लावला, आदेशातल्या त्या वाक्याचं उत्तर म्हणून. रात्री अनुक्रमणिकेचा शेवटचा रकाना भरायला बसलो, ‘कोणासमोर दाखल’. पोर्टलवरच्या जुन्या उत्तराची पोच उघडली. जोडलेल्या फायलींमध्ये एकच सातबारा होता, `712_2016-17.pdf`. पहिल्या अपिलाच्या पोचेतही तोच. म्हणजे माझ्या केसचा कणा असलेला कागद कोणासमोरच गेला नव्हता.

सकाळी मी माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, “लाव मध्येच. अठ्ठेचाळीस पानांत एक कोण बघतो? सरकारी उतारा आहे, खोटा थोडाच आहे?” मी त्यांच्याकडून खूप शिकलो आहे, पण हा सल्ला मला पटला नाही. विभागाच्या प्रतिनिधीकडे मूळ अभिलेख असतो. त्याने हा एक कागद पकडला असता, तर बाकीच्या सत्तेचाळीस पानांवरची माझी सही कोणी मानली नसती.

नवीन पुरावा त्याच पेपर बुकात घालता येत नाही. त्यासाठी वेगळं पेपर बुक आणि तो आधी का दिला नाही याची कारणं सांगणारा अर्ज लागतो. पान 12 काढलं की पुढचे सगळे आकडे बदलतात, आणि लेखी निवेदनातला प्रत्येक संदर्भही. नंबरिंग मशीन घेऊन मी सगळं पुन्हा केलं. दादांचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं: उतारा माझ्याकडे होता, तो कोणी मागितला नाही, कोणतं वर्ष लागतं हे मला कोणी सांगितलं नाही. आधीच्या सल्लागाराची चूक लिहिताना एकही विशेषण वापरलं नाही.

लेखी निवेदन आधी चौदा पानांचं होतं, त्यात निम्मे निवाडे. ते पाच पानांवर आणलं. प्रत्येक परिच्छेदात आधी अधिकारी काय म्हणतो, मग आमचं उत्तर, मग पान. कळीचा परिच्छेद असा होता: “कापणी ऑगस्ट ते ऑक्टोबर 2016 (पावत्या, पान 14 ते 33). लावणी जुलै 2015 (उतारा, अतिरिक्त पेपर बुक, पान 1). म्हणून 2016-17 च्या उताऱ्यावरचा हरभरा हा केळीनंतरचा आहे, केळीऐवजीचा नाही.” हे शेवटचं वाक्य जमायला मला एक अख्खी दुपार लागली.

सुनावणी वीसेक मिनिटं चालली. विभागाच्या प्रतिनिधीने अपेक्षेप्रमाणे अतिरिक्त पुराव्याला हरकत घेतली. सदस्यांनी अर्ज वाचला, उतारा पाहिला आणि मला एकच विचारलं, “केळीला किती महिने लागतात?” मी सांगितलं. त्यांनी पुरावा दाखल करून घेतला, पण खालच्या कोणीच तो तपासलेला नसल्याने प्रकरण अधिकाऱ्याकडे फेरतपासणीसाठी परत पाठवलं.

परतीच्या बसमध्ये दादांनी विचारलं, “मंग भाऊ, जिंकलो का हरलो?” मी म्हटलं, हरलो नाही, पण पुन्हा पहिल्या टेबलावर जायचं आहे. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. तो उतारा पान 12 वरच ठेवला असता आणि कोणाच्या लक्षात आलं नसतं, तर त्याच दिवशी रक्कम रद्द झाली असती का, हे त्यांनी विचारलं नाही. मी मात्र चाळीसगाव येईपर्यंत तेच मोजत होतो.

आता अधिकाऱ्यासमोरच्या उत्तराची नवी अनुक्रमणिका केली आहे. पान 1 वर 2015-16 चा उतारा आहे.