अभ्यासनोंद: एका कुंडलीत तीन लिलिथ, आणि लघुग्रहांचा हिशेब

पाश्चात्य पद्धतीच्या अभ्यासात ग्रह, भाव आणि योग यांची वाचने बऱ्यापैकी स्थिरावल्यावर मी लघुग्रह आणि ‘ब्लॅक मून लिलिथ’ यांच्याकडे वळण्याचे ठरवले. बहुतेक संगणक-कुंडल्यांत ही चिन्हे एका खुणेसरशी उमटतात, त्यामुळे त्यांना सूर्य-चंद्राच्या पंक्तीत बसवण्याचा मोह सहज होतो. त्यांच्या अर्थांच्या याद्या पाठ करण्याआधी ही स्थाने मिळतात कशी, हे मी या टप्प्यात तपासले, आणि लिलिथवरच सर्वाधिक वेळ गेला.

लिलिथ हा ग्रह नाही, खडकही नाही. चंद्राच्या लंबवर्तुळाकार कक्षेतील पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू, म्हणजे चंद्रोच्च, ज्या दिशेला असतो, ती दिशा राशिचक्रावर नोंदली की लिलिथ मिळते. काही अभ्यासक या कक्षेच्या रिकाम्या नाभीला लिलिथ मानतात. पृथ्वीवरून पाहता ती नाभी चंद्रोच्चाच्याच दिशेला असल्यामुळे अंशांत फरक पडत नाही. खरा फरक पडतो तो उच्च कोणत्या रीतीने काढले यावरून. सूर्याच्या आकर्षणामुळे चंद्राची कक्षा सतत ओढली जाते आणि तिचा आकार व दिशा दोन्ही डोलत राहतात. हे डोलणे सरासरीत विरघळवून टाकले की ‘मध्यम’ लिलिथ मिळते. ती सुमारे 8.85 वर्षांत राशिचक्राची एक फेरी पूर्ण करते आणि रोज जेमतेम सात कला पुढे सरकते. याउलट, चंद्राची त्या क्षणाची स्थिती आणि गती घेऊन, ‘यापुढे सूर्याची ओढ नसती तर चंद्र कोणत्या लंबवर्तुळावर फिरला असता’ असे गणित मांडले की ‘ट्रू’ लिलिथ मिळते. ही मध्यम स्थानापासून जवळजवळ 30 अंशांपर्यंत दूर जाऊ शकते, आणि वारंवार वक्रीही होते. नावात ‘ट्रू’ असले तरी ज्या लंबवर्तुळावर ती उभी आहे, त्यावर चंद्र पुढच्या आठवड्यात नसतो. तिसरी रीत चंद्र प्रत्यक्षात ज्या ज्या ठिकाणी दूरतम असतो त्या स्थानांमधून सलग रेषा काढण्याची आहे. हिला अंतर्वेशित किंवा नैसर्गिक उच्च म्हणतात आणि ते मध्यमापासून साधारण 5 अंशांच्या आतच राहते.

तिन्ही रीती एकाच वेळी पाहण्यासाठी मी स्विस एफेमेरिस या ग्रहगणिताच्या संगणक-प्रणालीचा पुढील आदेश वापरतो. त्यात `A` म्हणजे मध्यम, `B` म्हणजे ट्रू आणि `c` म्हणजे अंतर्वेशित उच्च.

```
swetest -b1.1.2000 -ut12:00 -pABc -fPZ
```

1 जानेवारी 2000, जागतिक वेळेनुसार दुपारी 12, हा क्षण मी सरावासाठी मुद्दाम निवडला, कारण खगोलगणितात तो प्रमाण आरंभक्षण असल्यामुळे त्याची आकडेवारी पडताळायला सोपी जाते. सायन राशिचक्रात त्या क्षणी मध्यम लिलिथ धनूच्या 23 अंशांच्या थोडी पुढे येते, तर ट्रू लिलिथ धनूच्या सुमारे 13 अंशांवर. प्लूटो तेव्हा धनूच्या साडेअकरा अंशांजवळ आहे आणि कायरॉन जवळजवळ त्याच जागी आहे. म्हणजे युतीसाठी दोन अंशांपर्यंतचे अंतर, म्हणजे दीप्तांश, धरणारा वाचक ट्रू लिलिथ घेऊन ‘लिलिथ, प्लूटो आणि कायरॉन यांची युती’ असे ठळक विधान करेल आणि त्यावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहील. मध्यम लिलिथ घेणाऱ्याला मात्र बारा अंश दूरचा एक निर्जन बिंदू दिसेल. चंद्र प्रत्यक्षात दूरतम स्थानी पोहोचतो तो सुमारे तीन दिवसांनी, तेव्हा तो धनूच्या 18-19 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे दोन्ही आकड्यांच्या अधेमधे. एकाच जन्मक्षणी तीन वाचने निघतात, आणि कोणते बरोबर हे कुंडलीतून ठरत नाही. एखाद्याने ‘माझी लिलिथ अमुक ग्रहाशी युतीत आहे’ असे सांगितले की ती कोणत्या रीतीची, हा माझा पहिला प्रश्न असतो.

मध्यम लिलिथच्या राशीबद्दलही एक साधा हिशेब करून पाहावा. त्या दिवशीच्या सुमारे 23.4 अंशांवरून रोज 0.1114 अंश या गतीने मागेपुढे मोजले, तर ती जून 1999 च्या सुरुवातीला धनूत शिरली आणि फेब्रुवारी 2000 च्या अखेरीस मकरेत गेली, असे निघते. त्या जवळजवळ नऊ महिन्यांत जगात जन्मलेल्या प्रत्येकाची मध्यम लिलिथ धनूत आहे. म्हणून ‘धनूतील लिलिथ’ या वर्णनाला व्यक्तिगत वजन देण्यास मी राजी नाही. भावातील स्थानाला थोडे देता येईल, पण तेही जन्मवेळ खात्रीची असेल तेव्हाच. शिवाय 1927 मध्ये सापडलेला 1181 क्रमांकाचा लिलिथ नावाचा लघुग्रह अगदी वेगळी वस्तू आहे आणि काही याद्यांत तोही नुसत्या ‘लिलिथ’ या नावाने येतो. दोन संकेतस्थळांवर राशीच जुळत नसेल तर आधी हा घोळ तपासावा.

लघुग्रहांची अडचण याच्या उलट आहे. सेरेस (1801), पॅलस (1802), जूनो (1804) आणि व्हेस्टा (1807) यांची स्थाने नेमकी ठाऊक असतात, त्यात रीतींचा वाद नाही. 1970 च्या दशकात एलेनॉर बाख यांनी यांच्या स्थानसारण्या काढल्या आणि मग हे चौघे पाश्चात्य कुंडल्यांत रुळले. प्रश्न संख्येचा आहे. दहा ग्रह, लग्न आणि दशमबिंदू मिळून बारा जागा. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना एकेक अंश धरला तर 360 पैकी सुमारे 24 अंश व्यापले जातात. म्हणजे कोणताही एक लघुग्रह निव्वळ योगायोगाने युतीत सापडण्याची शक्यता साधारण पंधरात एक. चार लघुग्रह घेतले तर चारांतील एका कुंडलीत किमान एक युती दिसणारच. हजार लघुग्रह घेतले तर साठहून अधिक युत्या मिळतील, आणि त्यांच्यातून जातकाच्या जीवनाला शोभणारे नाव निवडणे मुळीच अवघड नाही. केंद्रयोग आणि त्रिकोणयोग जमेस धरले तर ही संख्या आणखी कितीतरी वाढते. नावावरून लघुग्रह शोधून ते कुंडलीत ‘बोलतात’ असे म्हणणाऱ्या वाचनांकडे मी म्हणूनच साशंकपणे पाहतो.

सध्या मी असा क्रम पाळतो: सूर्य, चंद्र, लग्न, लग्नेश आणि निकटचे योग यांवरून संपूर्ण वाचन आधी लिहून पूर्ण करायचे, आणि त्यानंतरच चार लघुग्रह कुंडलीत उमटवायचे. त्यांच्या फक्त युत्या, एका अंशाच्या आत, आणि त्याही सूर्य, चंद्र, लग्न किंवा दशमबिंदूशी असतील तरच नोंदवतो; आधीच लिहिलेल्या विधानाला दुजोरा मिळाला तर शेजारी खूण करतो, नवे विधान केवळ त्यांच्यावरून जोडत नाही. लिलिथसाठी अट अधिक कडक आहे: `A`, `B` आणि `c` ही तिन्ही स्थाने एखाद्या ग्रहापासून दोन अंशांच्या आत असतील तरच तिचा उल्लेख करायचा. वरच्या सरावकुंडलीत ती या चाळणीतून जात नाही, आणि प्लूटोबद्दल जे लिहायचे ते तिच्याशिवाय लिहिलेले आहे. ही अट पाळून मी आता तारीख बदलत, आदेशाला `-n30 -s1` जोडून महिनाभराच्या ओळी काढतो आहे, म्हणजे ट्रू लिलिथ केव्हा मागे फिरते आणि तिन्ही रीती केव्हा एकमेकींजवळ येतात हे नजरेखाली येईल.