पाच मिनिटांचे सेमिनार आणि पाचवी स्लाइड: माझा अनुभव

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नवीकरणीय ऊर्जेवर वर्गात पाच मिनिटांचे सेमिनार द्यायचे होते. स्लाइड आम्ही तिघींनी मिळून केल्या, मुदतीत महाविद्यालयाच्या पोर्टलवर अपलोड केल्या आणि बोलण्याचे काम माझ्याकडे आले. एकूण ११ स्लाइड होत्या. भाषण लिहायला एक संध्याकाळ पुरेल असे मला वाटले होते; प्रत्यक्षात चार दिवस गेले आणि त्यांतले तीन एकट्या पाचव्या स्लाइडने घेतले.

त्या स्लाइडचे शीर्षक होते ‘भारताची निम्मी वीज नवीकरणीय स्रोतांतून’. खालचे आकडे बरोबर होते. जून २०२५ अखेर देशाची एकूण स्थापित क्षमता सुमारे ४८५ गिगावॅट होती आणि त्यात कोळसा, वायू व डिझेल सोडून उरलेल्या स्रोतांची क्षमता सुमारे २४३ गिगावॅट. हे आकडे बोलण्याच्या वाक्यात बसवू लागले तेव्हा लक्षात आले की शीर्षकच चुकले आहे. या २४३ मध्ये जवळजवळ ९ गिगावॅट अणुऊर्जा आहे आणि ती नवीकरणीय धरत नाहीत. याहून मोठी चूक अशी की हे आकडे क्षमतेचे आहेत, तयार झालेल्या विजेचे नाहीत. वर्षभरात प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत या सगळ्या स्रोतांचा मिळून वाटा सुमारे पाव आहे, निम्मा नाही.

शीर्षकाची एक ओळ बदलून मी दुरुस्त फाइल घेऊन महाविद्यालयात गेले. उत्तर मिळाले की मुदत संपल्यावर पोर्टल उघडत नाही, विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज आणा. विभागप्रमुख रजेवर होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हा सांगण्यात आले की स्लाइडचे गुण देऊन झाले आहेत, त्यामुळे आता बदल होणारच नाही. चुकीचे वाक्य पडद्यावर पन्नास जणांसमोर दिसणार आणि ते मीच वाचायचे, याचा मला आजही राग आहे. वेळ टळून गेली म्हणून चूक तशीच ठेवायची, हे मला पटलेले नाही.

मग दुरुस्ती भाषणातूनच करायची, हे ठरले. पहिल्या खर्ड्यात मी ‘क्षमता वापर गुणांक’, म्हणजे यंत्र पूर्ण ताकदीने चालले तर मिळेल त्यातली किती वीज प्रत्यक्ष मिळते, या संज्ञेची व्याख्या लिहिली. ती मैत्रिणीला वाचून दाखवली तेव्हा दुसऱ्याच वाक्याला तिचे लक्ष उडाले. दुसऱ्या खर्ड्यात राज्याराज्यांचे आकडे घातले आणि एका स्लाइडलाच दोन मिनिटे लागू लागली. तिसऱ्या दिवशी मामांना फोन केला. त्यांच्या छतावर ३ किलोवॅटचे सौर पॅनेल आहेत. त्यांनी इन्व्हर्टरच्या पडद्याचे दोन फोटो पाठवले: एप्रिलमधल्या एका स्वच्छ दिवशी १२.४ युनिट, जुलैतल्या एका ढगाळ दिवशी ५.१ युनिट. सगळा उलगडा त्या पहिल्या फोटोत होता. तीन किलोवॅटचे यंत्र चोवीस तास पूर्ण ताकदीने चालले तर ७२ युनिट मिळतील. मामांना चांगल्या दिवशी मिळाले १२, म्हणजे सहावा हिस्सा. रात्री ऊन नसते, सकाळ-संध्याकाळी ते तिरपे असते, आणि पॅनेलवर लिहिलेली क्षमता कडक उन्हाची असते. कोळशाच्या केंद्रातली तेवढीच ३ किलोवॅट क्षमता देशाच्या सरासरीने, म्हणजे सुमारे ७० टक्के, चालली तर दिवसाला ५० युनिट देते. किलोवॅट सारखेच, पण वीज चौपट. निम्म्या क्षमतेतून पाव वीज का येते, ते इथे कळते. जलविद्युत आणि विशेषतः अणुऊर्जा केंद्रे सौर पॅनेलपेक्षा जास्त वेळ चालतात, म्हणून एकूण वाटा पावाच्या खाली जात नाही.

शेवटी पाचव्या स्लाइडसाठी लिहिलेला भाग असा होता:

‘पडद्यावरच्या शीर्षकात एक दुरुस्ती करते. निम्मी आहे ती वीजनिर्मितीची क्षमता, वीज नव्हे. आणि त्या निम्म्यात अणुऊर्जाही आहे. माझ्या मामांच्या छतावर तीन किलोवॅटचे पॅनेल आहेत. ते चोवीस तास चालले असते तर दिवसाला बहात्तर युनिट मिळाले असते. एप्रिलमधल्या चांगल्या दिवशी मिळाले बारा. कोळशाच्या केंद्रातल्या तीन किलोवॅटमधून साधारण पन्नास मिळतात. म्हणून क्षमता निम्मी असली तरी देशाच्या विजेत या स्रोतांचा वाटा सुमारे पाव आहे.’

हे बोलायला मला ३५ सेकंद लागतात. ही दुरुस्ती शीर्षक वाचण्याआधी करावी. आधी वाचून मग खोडले की ऐकणाऱ्यांच्या लक्षात शीर्षकच राहते.

वेळेचे गणित मात्र सुरुवातीलाच करायला हवे होते. उभे राहून, शांतपणे बोलताना माझा वेग मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास आहे. म्हणजे पाच मिनिटांत ५५० शब्द, आणि स्लाइड बदलताना जाणारा वेळ धरला तर ५००. माझा पहिला खर्डा ९०० शब्दांचा होता. शब्द मोजताना आकडे फसवतात. ‘४८४.८ गिगावॅट’ कागदावर दोन शब्द आहेत, पण उच्चारताना ‘चारशे चौऱ्याऐंशी पूर्णांक आठ गिगावॅट’ असे पाच होतात. म्हणून संहितेत सगळे आकडे अक्षरी लिहिले आणि जमतील तिथे पूर्णांकात आणले.

स्लाइड ११ असल्या तरी सगळ्यांवर बोलायची गरज नसते. भूऔष्णिक, भरती-ओहोटी आणि जैवभार या तीन स्लाइडवर मी एकेकच वाक्य ठेवले. पवनऊर्जेवर दोन वाक्ये घेतली, कारण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्यात वारा जोरात असतो आणि नेमके त्याच महिन्यांत मामांच्या पॅनेलची वीज घटते. ही जोडी ऐकणाऱ्यांना लगेच पटते. समासात प्रत्येक परिच्छेदापुढे स्लाइडचा क्रमांक लिहून ठेवला होता, त्यामुळे संगणकावर बसलेल्या मैत्रिणीला खूण करावी लागली नाही. चौथ्या मिनिटाला घंटा वाजते तेव्हा आपण नवव्या स्लाइडवर असायला हवे, हेही घरी घड्याळ लावून पक्के केले होते.

भाषण ४ मिनिटे ५० सेकंदांत संपले. प्रश्न एकच आला, मागच्या बाकावरून: सौर पॅनेल सहावा हिस्साच देत असेल तर ते लावायचे कशाला? मी सांगितले की जो हिस्सा मिळतो त्यासाठी काही जळत नाही आणि इंधनाचा खर्चही येत नाही. अडचण आहे ती सूर्यास्तानंतर मागणी वाढते तेव्हाची, आणि त्या वेळी कोयनेसारखे जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू करता येते. सरांनी मला फळ्यावर ३ × २४ = ७२ लिहायला सांगितले, त्याखाली १२ लिहायला सांगितले, आणि ते दोन आकडे तास संपेपर्यंत पुसले नाहीत. पोर्टलवरच्या फाइलमध्ये पाचव्या स्लाइडचे शीर्षक अजून तेच आहे; विभागप्रमुख रजेवरून आले आहेत आणि सहीचा अर्ज मी सोमवारी दिला आहे.