सोनी आणि कॅनन एका अंतरपाटाला: लग्नाच्या हायलाइटचं कलर मॅचिंग

मेन कॅमेरा सोनी ए7 फोर, एस-लॉग3 या फिक्या, राखाडी दिसणाऱ्या लॉग प्रोफाइलमध्ये, 10 बिट. दुसरा कॅनन 6डी मार्क टू, 8 बिट, साधी स्टँडर्ड पिक्चर स्टाइल आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर. दुसरा कॅमेरा धरणारा पोरगा म्हणाला, "दादा, लाइट सारखा बदलत होता, म्हणून ऑटोच ठेवला." त्याचंही खोटं नव्हतं. मांडवाची एक बाजू उघडी, तिथून दुपारचं ऊन, आणि स्टेजवर पिवळे हॅलोजन.

टाइमलाइनवर दोघांचे शॉट शेजारी ठेवले तर एक लग्न राखाडी आणि दुसरं केशरी दिसत होतं. कुणाला कुणाकडे न्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. सोनीचं चित्र चांगलं, म्हणून कॅननला त्याच्याकडे ओढावं असं वाटतं; पण 8 बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, 10 बिटमध्ये 1024. शिवाय कॅननचा कॉन्ट्रास्ट कॅमेऱ्यातच पक्का होऊन आलेला. तो फार ताणला की मांडवाच्या कापडावर रंगांचे पट्टे उठतात. म्हणून कॅननला जेमतेम हात लावायचा आणि सोनीला त्याच्याजवळ न्यायचं ठरवलं.

रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सोनीच्या सगळ्या क्लिपचा एक ग्रुप केला आणि त्यावर लॉगचं चित्र नेहमीच्या रंगांत आणणारं `Color Space Transform` लावलं:

```
Input Color Space: S-Gamut3.Cine
Input Gamma: S-Log3
Output Color Space: Rec.709
Output Gamma: Gamma 2.4
```

एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सची दुरुस्ती मात्र या नोडच्या आधीच्या नोडमध्ये, ऑफसेट व्हीलने केली. ट्रान्सफॉर्मनंतर उजेडाचा भाग दाबला गेलेला असतो. तिथे निळा वाढवायला गेलं की अंधार आणि उजेड वेगवेगळे हलतात.

आता मॅच कशावर करायचं? रिझॉल्व्हमध्ये एका क्लिकवर शॉट मॅच करायची सोय आहे, पण दोन फ्रेममधल्या वस्तू वेगळ्या असल्या की ती भलतंच करते. माझ्याकडे अंतरपाट होता: पांढरं कापड, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक. मंगलाष्टकं चालू असताना दोन्ही कॅमेरे काही वेळ एकाच बाजूला होते, तोच क्षण घेतला. बाजू एकच असणं महत्त्वाचं, कारण नवरीकडून ऊन पडत होतं आणि नवऱ्याकडून हॅलोजन. कापड एकच असलं तरी दोन बाजूंचा पांढरा खरोखरच वेगळा होता.

कॅननची फ्रेम स्टिल म्हणून गॅलरीत ठेवली, दोन्ही चित्रं शेजारी दिसावीत म्हणून सोनीच्या क्लिपवर वाइप लावला आणि लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा परेड स्कोप उघडला. कॅननमध्ये कापडाचा लाल वर, निळा बराच खाली. तिथे थोडा निळा वाढवला, पूर्ण सपाट नाही केला. हॅलोजनचा उबारा गेला की मांडव दवाखान्यासारखा दिसतो. मग सोनीचे तिन्ही रंग त्याच उंचीवर आणले. कापडाचा उन्हातला कोपरा कॅननमध्ये जळालेला होता. वेव्हफॉर्मवर तिथे वर कापल्यासारखी सपाट रेघ दिसते. गेन खाली आणला तर त्या जागी नुसता करडा डाग येतो, विणीचा एक धागाही परत येत नाही. म्हणून सोनीचाच उजेड किंचित चढवला.

चेहऱ्यांनी जरा छळलं. रंगाची छटा दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर स्किन टोनची रेघ असते, पण आदल्या दिवशीची हळद नवरा-नवरीच्या अंगावरून पुरती उतरलेली नव्हती आणि नवरीने पिवळी अष्टपुत्री नेसलेली. तिचा चेहरा त्या रेघेवर बसवला असता तर हळदच पुसली गेली असती. त्यामुळे नवरीच्या मागे उभ्या मामांचं कपाळ विंडोने वेगळं काढलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांत तेवढंच जुळवलं. मामा जुळले, तशी नवरीही जुळली.

राहिला हिरवा चुडा. त्याचा हिरवा सोनीत निळसर, कॅननमध्ये पोपटी. हे व्हाइट बॅलन्सने सुटत नाही, कारण बाकी सगळं जुळलेलं असतं. दोन कंपन्यांची रंगांची घडणच वेगळी. सोनीच्या ग्रुपवर `Hue vs Hue` मध्ये फक्त हिरवा पकडून पिवळ्याकडे थोडा सरकवला, `Hue vs Sat` मध्ये किंचित उतरवला. आंब्याचे डहाळेही आपोआप सुधारले.

ऑटो व्हाइट बॅलन्समुळे कॅननच्या काही पॅनमध्ये रंग चालू शॉटमध्येच बदलत होता. हायलाइटमध्ये शॉट दोन-तीन सेकंदांचा, त्यामुळे बहुतेक ठिकाणी रंग स्थिर असलेला तुकडा मिळाला. कन्यादानाचा शॉट मात्र अख्खा हवा होता. तिथे रंगाला कीफ्रेम लावून ओसरता बदल उलटा फिरवला. शेवटचा लुक दोन्ही ग्रुपवर सारखाच, सगळ्या दुरुस्त्यांनंतर.

रिसेप्शनच्या जांभळ्या एलईडीत हे काही चाललं नाही. कॅननमध्ये चेहऱ्यावरचा लाल आणि निळा दोन्ही वर टेकलेले, त्वचेचा मूळ रंग फाइलमध्ये उरलेलाच नाही. काहीजण असे शॉट ब्लॅक अँड व्हाइट करून टाकतात, मला ती पळवाट वाटते. नाचाचा सगळा भाग एकट्या सोनीवर कापला आणि तिथली कॅननची क्लिप एकही घेतली नाही.