बेअरमन फनेल अपडेट: यावेळी गाळ बराच स्वच्छ आला

डायरेक्ट स्मिअर निगेटिव्ह पण इओसिनोफिल वाढलेले, असा एक स्टूल सॅम्पल लॅबमध्ये आला होता म्हणून स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या किड्याच्या जिवंत अळ्या शोधायला फनेल लावलं. सेटअप तोच, काचेच्या फनेलच्या दांड्याला रबरी नळी, नळीला क्लॅम्प, वर जाळी आणि जाळीवर गॉझचे थर. यावेळी गॉझचा एक थर वाढवला. आधी गाळ इतका गढूळ यायचा की अळी शोधायची का कचरा बघायचा तेच कळायचं नाही.

पाणी साधारण ४० अंशांचं, आधी ते भरायचं आणि नळी दाबून आतली हवा काढून टाकायची, बुडबुडा अडकला की अळ्या त्याच्या वरच थांबतात आणि खाली काहीच येत नाही. मग १० ग्रॅमच्या आसपास ताजा स्टूल गॉझवर पसरून पाण्याला जेमतेम टेकेल असा ठेवायचा, पूर्ण बुडवला तर परत गढूळपणा. ऊब मिळाली की अळ्या वळवळत गॉझमधून पाण्यात उतरतात, पण त्यांना वर पोहता येत नाही, म्हणून हळूहळू तळाशी क्लॅम्पपाशी जमतात. सगळी मजा यातच आहे 🙂 दोन तासांनी क्लॅम्प पटकन उघडून पहिलं १० मिली घेतलं, सेंट्रिफ्यूज केलं, गाळाचा थेंब स्लाइडवर.

आणि १०x वरच हालचाल दिसली! पण नुसती अळी दिसली म्हणून स्ट्राँगिलॉइडिस म्हणायचं नाही, कारण सॅम्पल तासन्तास बाहेर राहिला असेल तर हुकवर्मची अंडीही फुटतात आणि त्या अळ्याही अशाच वळवळतात. म्हणून कडेला आयोडीनचा थेंब सोडला, अळी मरून सरळ झाली, मग ४०x वर तोंड पाहिलं. तोंडाची पोकळी अगदी आखूड, आणि शरीराच्या मध्याजवळ जननांगाचा ठोकळा ठळक, म्हणजे स्ट्राँगिलॉइडिसची ऱ्हॅब्डिटिफॉर्म, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातली अळी. हुकवर्मच्या अळीत उलटं असतं, पोकळी लांब आणि तो ठोकळा जेमतेम दिसतो.

फ्रिजमध्ये ठेवलेला किंवा फॉर्मॅलिनमधला सॅम्पल यासाठी बाद, अळी जिवंत आणि चपळ नसेल तर ती फनेलमध्ये उतरणारच कशी. आणि निगेटिव्ह आला तरी सोडून द्यायचं नाही, अळ्या रोज पडत नाहीत आणि पडतात त्याही थोड्याच, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे सॅम्पल मागवायचे. पेशंटला स्टेरॉइड सुरू होणार असेल तर मी स्वतःच फोन करून मागवते, कारण हा किडा शरीरातल्या शरीरात वाढत राहतो आणि स्टेरॉइडवर तो बेफाम होऊ शकतो.

ग्लोव्हजबद्दल आळस नको हं, फिलारिफॉर्म, म्हणजे संसर्ग करणाऱ्या टप्प्यातली अळी असेल तर ती धडधाकट कातडीतूनही आत शिरते. वापरलेलं पाणी, गॉझ सगळं ऑटोक्लेव्हमध्ये.

उरलेला स्टूल आगर प्लेटवर लावलाय, दोन-तीन दिवसांत अळ्यांनी बॅक्टेरिया ओढत नेलेल्या वाटा उमटल्या की पुढचं अपडेट टाकते.