मॉक कॉलमध्ये नेमकं काय बघतात?

"कॉल सेंटरच्या इंटरव्ह्यूमध्ये मॉक कॉल घेतात त्यात नेमकं काय बघतात? उत्तर चुकलं तर गेलोच का?"

उत्तर चुकलं म्हणून सहसा कोणी जात नाही. कंपनीचे नियम ट्रेनिंगमध्ये शिकवतात, ते तुम्हाला आधीच कसे माहीत असणार? समोरचा भडकला की तुम्ही त्याचं ऐकता की त्याला गप्प करायला काहीही बोलून टाकता, हे बघतात. मी महापेला क्वालिटीत आहे, दिवसभर कॉल ऐकतो. ऐरोलीच्या इंटरव्ह्यूआधी मैत्रीण स्वप्नालीची तयारी घेतली, मी चिडलेला ग्राहक आणि ती कॉल घेणारी, ती अशी:

"मॅडम, सहाशेचं रिचार्ज केलं, पैसे दोनदा कापले! तीन दिवस फोन करतोय."

"सॉरी सर, सॉरी. काळजी करू नका, उद्यापर्यंत पैसे येतील."

"नक्की?"

"शंभर टक्के सर. नंबर सांगा तुमचा."

मी नंबर सांगितला. पुढे नुसती शांतता.

"हॅलो? आहात का?"

"हो सर, बघतेय."

इथे मी थांबवलं. "उद्यापर्यंत कुणी सांगितलं तुला? नंबरसुद्धा नंतर विचारलास!"

"अरे, तो चिडला होता ना."

"म्हणूनच. उद्या पैसे आले नाहीत की तो दुप्पट चिडून फोन करणार. पैसे बँकेत अडकलेत की आपल्याकडे जमा झालेत, हे बघितल्याशिवाय तारीख द्यायचीच नाही."

दुसरी गोष्ट त्या शांततेची. आमच्याकडे तिला डेड एअर म्हणतात. कीबोर्डवर तुमची बोटं चालू असतात, पण ग्राहकाला वाटतं फोन कट झाला. वेळ लागणार असेल तर होल्डची परवानगी मागा, किती वेळ ते सांगा, परत आलात की थांबल्याबद्दल आभार माना.

सॉरीबद्दल ती माझ्याशी भांडली. क्लासमध्ये तसंच शिकवलं होतं म्हणे. पण 'तीन दिवस' हे शब्द तिच्या कानावरून गेले, ते सॉरीच्या घाईतच. माणूस तीन दिवस फोन करतोय म्हणजे आधीची तक्रार नोंदलेली असणार. त्या तक्रारीचा नंबर विचारायला हवा होता.

दुसऱ्या फेरीत ती म्हणाली, "सर, सहाशे रुपये जास्तीचे गेले आणि तीन दिवस तुम्हालाच फोन करावा लागतोय, याबद्दल सॉरी. आधीचा तक्रार क्रमांक आहे का? मी तपासते, दोन मिनिटं होल्डवर ठेवू का?" एकच सॉरी, पण कशाबद्दल ते कळतं.

मग मी मुद्दाम म्हटलं, "मला मॅनेजर द्या." इंटरव्ह्यू घेणारेही हे हमखास म्हणतात. ती लगेच "देते सर" म्हणून मोकळी झाली. तिथे एकदा तरी "मला आधी बघू द्याल का?" असं विचारायचं. तरीही तो अडून बसला, तर मात्र वाद न घालता कॉल वरिष्ठांकडे द्यायचा.