पडणारं पाणी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोनमधल्या वर्षाचा एक व्हिडिओ करायला बसले. आधी सरळ जानेवारी ते डिसेंबर असं लावलं. भाचीचं लग्न मे महिन्यात, त्यामुळे अर्ध्याहून जास्त व्हिडिओ मेचेच; जुलैच्या वाट्याला तीन. शिवाय नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या क्लिपांना शूटिंगची नव्हे, माझ्या फोनवर उतरल्याची तारीख. हळद लागायच्या आधीच वरात निघाली!

मग तारखा सोडून विषय धरायचं ठरवलं. पहिला विषय घेतला ‘आनंद’. तासाभरात लक्षात आलं, की त्यात सगळंच बसतंय, म्हणजे काहीच गाळलं जात नाही. (घरातल्या मांजराचाही आनंद निघाला.) विषय असा हवा, की आवाज बंद करून नुसतं बघितलं तरी हो-नाही सांगता यावं. म्हणून घेतलं ‘पडणारं पाणी’. वाहणारं नाही, साठलेलं नाही. त्यामुळे आयर्विन पुलावरून घेतलेली कृष्णा, मनाला लागलं तरी, बाहेर ठेवावी लागली.

नवा अल्बम केला, एकदाच सगळी गॅलरी चाळली आणि फक्त तेवढंच त्यात टाकलं. पागोळ्या, नळाखाली भरणारी कळशी, गणपतीला अभिषेक, सासूबाईंचं तुळशीला पाणी, गाड्यावरचा चहा, ठोसेघरचा धबधबा. एकसष्ट निघाल्या, ठेवल्या तीस. प्रत्येकीतले दोनच सेकंद घेतले, तेही मधले; सुरुवातीला आणि शेवटी बटण दाबताना हात हलतोच.

खरा वेळ गेला तो क्रम लावण्यात. चहावाल्याचा हात वर जातो, धार खाली येते. ती कपात पोचायच्या आत कापली आणि पुढे ठोसेघर जोडला, तर वाटतं तीच धार दरीत कोसळतेय. कप भरू दिला असता तर डोळा तिथंच थांबला असता आणि पुढचं चित्र धक्क्यासारखं आलं असतं. एक अडचण होती. ठोसेघर आडवा घेतलेला, बाकी सगळं उभं. आडवं चित्र उभ्या चौकटीत भरलं की त्याची जेमतेम एक तृतीयांश रुंदी उरते. धार बारीक म्हणून निभावलं. कडेला उभी असलेली नणंद मात्र गेली.

आवाजाचंही तसंच. दर दोन सेकंदांना वेगळा गलका कानावर आदळत होता. सगळ्या क्लिपा मुक्या केल्या आणि पागोळ्यांचा एकच आवाज खालून शेवटपर्यंत सोडला. फक्त कळशीचा भरत आल्यावर चढणारा सूर तेवढा राहू दिला.

एक मिनिटाचा व्हिडिओ रात्री सगळ्यांना दाखवला. सासूबाईंनी कळशी ओळखली. हे मात्र गप्पच.

“ठोसेघरला मी चांगलं चार मिनिटं हात वर धरून उभा होतो. कुठंय ते?”

“आहे की. चहाच्या पुढं.”

त्यांनी परत लावला. पापणी लवली बहुतेक. पुन्हा मागं घेतला.