भिंतीवरचं हृदय, फोनमधले गुण

आमच्या शाळेत नववीच्या वर्गाने, म्हणजे आपल्याकडच्या आठवीच्या वयाच्या मुलांनी, हृदयाची पोस्टरं केली. इंग्लंडमधल्या या शाळेत मुलांचं काम आधी भिंतीवर लागतं आणि तपासणी मागाहून होते. अठ्ठावीस पोस्टरं कॉरिडॉरभर चिकटवून झाली, बहुतेक लॅमिनेट केलेली. ती उतरवून घरी नेणं शक्य नव्हतं, म्हणून मी सगळ्यांचे फोटो काढले आणि रविवारी चहा घेऊन तपासायला बसले.

'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' ही आपल्या प्रश्नपत्रिकेतली ओळ माझ्या हाडीमाशी भिनलेली आहे. इथल्या गुणतक्त्यातही साधारण तेच असतं, फक्त फोड करून दिलेलं. आमचा तक्ता वीस गुणांचा होता: अचूकपणा ८, नावं ६, नीटनेटकेपणा २ आणि स्वतःची कल्पना ४. नीटनेटकेपणाला इतके कमी गुण का, असं मला पहिल्या वर्षी वाटायचं. आता वाटत नाही, कारण फोटोत सर्वांत जास्त फसवतो तो हाच रकाना.

ज्या पोस्टरमुळे हे लिहायला बसले, त्यात एका मुलाने हृदय लंडनच्या ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, नकाशासारखं काढलं होतं. हॅरी बेकने केलेल्या आणि १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नकाशात खरी अंतरं बाजूला ठेवून रेषा फक्त आडव्या, उभ्या आणि तिरक्या ठेवल्या होत्या. स्टेशनांचा क्रम कळला की प्रवाशाचं काम होतं. मुलाने तेच केलं. हृदयाचे कप्पे, म्हणजे अलिंदं आणि निलयं, ही स्टेशनं, रक्त म्हणजे गाडी, झडपा म्हणजे एकाच दिशेने उघडणारी तिकीट-फाटकं, निळी लाइन ऑक्सिजन कमी असलेल्या रक्ताची आणि लाल लाइन भरलेल्या रक्ताची. फुप्फुसांपाशी मोठं गोल जंक्शन, जिथे निळी लाइन लाल होते.

अचूकपणाचे आठ गुण आम्ही असे वाटले होते: चार कप्पे योग्य जागी २, रक्ताची दिशा २, झडपा १, ऑक्सिजन कुठे चढतो आणि कुठे उतरतो २, डाव्या निलयाची जाड भिंत १. कप्प्यांच्या जागेत निम्मा वर्ग घसरतो. आकृती समोर उभ्या माणसाची असते, त्यामुळे त्याची उजवी बाजू कागदाच्या डावीकडे येते. या मुलाला ते बरोबर जमलं होतं. दिशाही चोख. फुप्फुस-धमनी निळी दाखवली होती, हे विशेष. धमनी म्हटलं की लालच रंगवायची, ही चूक हुशार मुलंही करतात, पण ही एक धमनी ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुप्फुसांकडे नेते.

ऑक्सिजन उतरण्याची जागा मात्र चुकली होती. महाधमनी हृदयातून बाहेर पडते तिथेच लाल लाइन निळी झालेली. खरं तर ते रक्त अवयवांच्या केशवाहिन्यांपर्यंत लाल राहायला हवं. एक गुण गेला.

जाड भिंतीच्या गुणावर माझं आणि दुसऱ्या शिक्षिकेचं जुंपलं. ती त्याच फोटोंवरून वेगळी तपासते आणि नंतर आम्ही आकडे जुळवून बघतो. तिचं म्हणणं, ट्यूबच्या नकाशात सगळ्या रेषा एकाच जाडीच्या असतात, मग नकाशाच्या रूपामुळे त्याचा गुण का कापायचा? माझं म्हणणं, तक्त्यात 'दाखवलेली किंवा लिहिलेली' असं स्पष्ट होतं. रेषेने दाखवता येत नसेल तर कोपऱ्यात एक ओळ लिहिता येते. त्याने ओळ लिहिली होती, पण 'हा पंप पायाच्या बोटांपर्यंत रक्त ढकलतो' एवढीच. भिंतीचा उल्लेख नव्हता. शेवटी शून्य ठेवलं आणि अचूकपणाचे सहा झाले.

मग नावं. बारा नावं, प्रत्येकी अर्धा गुण. एरवी आमचा नियम सरळ असतो: रेषा पट्टीने, बाणाचं टोक नाही, रेषांनी एकमेकींना छेदायचं नाही आणि टोक त्या भागाला टेकलंच पाहिजे. इथे नावाच्या रेषाच नव्हत्या, म्हणून मी एकच कसोटी लावली: नाव कोणत्या स्टेशनचं, हे वाचणाऱ्याला विचारावं लागतं का? एक नाव दोन स्टेशनांच्या बरोबर मधे लटकत होतं, त्याचा अर्धा गुण कापला. फुप्फुस-धमनीचं नाव तर दिसलंच नाही. तोही अर्धा कापला आणि पाच लिहिले. फोटोत कागद वर अरुंद आणि खाली रुंद दिसत होता, अक्षरं एका बाजूला कलली होती. नीटनेटकेपणाला दोनपैकी एक.

सोमवारी मुलगा दारात. "मिस, ते नाव तिथे आहे."

गेले भिंतीपाशी. होतंच. लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडला होता, नेमका त्या नावावर. मी एक पाऊल डावीकडे सरकले, पट्टा सरकला, नाव दिसलं. कागदही सरळच होता. वाकडी होते मी, उंच लावलेल्या पोस्टरचा फोटो मी फोन तिरका करून खालून काढला होता. नावांना साडेपाच झाले, नीटनेटकेपणाला दोन.

तेव्हापासून मी फोटो असा काढते. फ्लॅश बंद. फोन पोस्टरच्या मध्याच्या उंचीवर आणि भिंतीला समांतर, गरज पडली तर खुर्चीवर चढून. जवळ जाण्याऐवजी दोन पावलं मागे सरून थोडं झूम. आधी पूर्ण पोस्टर, मग चार तुकड्यांत चार फोटो, कारण पेन्सिलीची नावं पूर्ण फोटोत विरून जातात. शेवटी एक पाऊल बाजूला सरकून आणखी एक फोटो, म्हणजे चकाकी दुसरीकडे पडते आणि दोन फोटो मिळून सगळं दिसतं. शेजारी कोरा पांढरा कागद चिकटवते. तो फोटोत पिवळा दिसला तर निळ्या-लालच्या चुका फोटोवरून कापत नाही, भिंतीवर जाऊन बघते.

राहिली स्वतःची कल्पना. हा रकाना फोटोवरून भरताच येत नाही. ट्यूबच्या नकाशाची कल्पना नेटवरून उचललेली असू शकते, आणि उचललेली असली तरी मुलाला ती समजलेली असू शकते. म्हणून मी तिथेच उभ्या-उभ्या त्याला विचारलं, फुप्फुसांपाशी जंक्शन का? म्हणाला, "तिथे ऑक्सिजन चढतो." बरं, मग उतरतो कुठे?

तो महाधमनीवर बोट ठेवून बोलायला लागला आणि मधेच थांबला. लाल लाइनवरून बोट पुढे सरकवत अवयवांच्या स्टेशनापर्यंत नेलं. "ओह."

कल्पनेचे चारही दिले. एकूण साडेसतरा. अचूकपणाचे सहा मात्र सहाच ठेवले, कारण तपासत होते ते पोस्टर. दुपारी तिथून जाताना दिसलं, महाधमनीपाशी एक पिवळी चिठ्ठी चिकटली होती. तिच्यावर लाल पेनाने लिहिलं होतं: 'लाइनच्या कामामुळे गैरसोय. ऑक्सिजनच्या प्रवाशांनी पुढच्या स्टेशनावर उतरावं.'